कोंदण आत फिरवल्यावर

*ताई, नमस्कार. मी एकसष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला. आमच्या बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार आहे. गेल्या महिन्यात पाण्याची टाकी धुणाऱ्याने सही केलेलं कोरं बिल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "काका, रक्कम तुम्हीच टाका." त्याला दिले होते २,२०० रुपये. मी पेन हातात धरून दहा मिनिटं बसलो. ३,२०० लिहिले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. मग तळमजल्यावरच्या आजी डोळ्यांसमोर आल्या. त्या मेंटेनन्सचे पैसे रुमालाच्या गाठीतून काढून मोजून देतात. मी २,२०० लिहिले. हे मी गमतीने भाच्याला सांगितलं. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकतो. त्याने मला अदृश्य करणाऱ्या अंगठीची ग्रीक गोष्ट ऐकवली आणि म्हणाला, "मामा, माणूस पकडला जायच्या भीतीनेच सरळ वागतो, हे केव्हाच सिद्ध झालंय. तू प्रामाणिक नाहीस, फक्त घाबरट आहेस." तेव्हापासून मला चैन नाही. ती दहा मिनिटं मी काय होतो? आणि या गोष्टीला काही उत्तर आहे का?*
*– एक खजिनदार, डोंबिवली*

खजिनदारसाहेब,

भाच्याने गोष्ट बरोबरच सांगितली असेल, पण ती मुळात कोणी सांगितली आणि कशासाठी, हे त्याने गाळलेलं दिसतंय. तेवढं गाळलं की वकिलाचा युक्तिवाद न्यायाधीशाचा निकाल वाटायला लागतो. मी ही गोष्ट तीस वर्षं वर्गात शिकवली. दरवर्षी एखादा तरी मुलगा ती ऐकून घरी जायचा आणि आईवडिलांना ढोंगी ठरवून यायचा. त्यामुळे तुमच्या भाच्यावर माझा राग नाही. तो अर्ध्या वाटेवर थांबलाय एवढंच.

गोष्ट आहे प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधली, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीची. लिडिया नावाचं राज्य आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात होतं, सार्डिस ही त्याची राजधानी. तिथे राजाच्या चाकरीत एक मेंढपाळ होता. एकदा जोराचं वादळ झालं, भूकंप झाला आणि तो मेंढ्या चारत होता तिथेच जमीन दुभंगली. तो त्या भगदाडात उतरला. आत काशाचा एक पोकळ घोडा होता, त्याला छोटी छोटी दारं होती. दारातून वाकून पाहिलं तर आत माणसापेक्षा मोठं दिसणारं एक प्रेत. त्याच्या अंगावर काही नव्हतं, हातात फक्त सोन्याची अंगठी. ती काढून घेऊन तो वर आला.

मेंढपाळांची दर महिन्याला एक बैठक व्हायची. कळपांचा हिशेब राजाला कळवायचा असे. (तुमच्या मासिक सभेसारखीच म्हणा.) हा अंगठी घालून तिथे जाऊन बसला आणि बसल्या बसल्या त्याने सहज अंगठीचं कोंदण तळहाताच्या बाजूला फिरवलं. शेजारचे लोक तो उठून गेल्यासारखं त्याच्याविषयी बोलायला लागले. तो चकित झाला. कोंदण पुन्हा बाहेर फिरवलं, तर तो सगळ्यांना दिसायला लागला. त्याने हे पुन्हा पुन्हा करून खात्री करून घेतली. मग खटपट करून राजाकडे जाणाऱ्या दूतांमध्ये स्वतःचं नाव घालून घेतलं, राजवाड्यात पोचला, राणीला वश केलं, तिच्या मदतीने राजाला मारलं आणि राज्य बळकावलं.

इतकीच गोष्ट. प्लेटोने ती जेमतेम पानभरात उरकलीय. या मेंढपाळाला तो 'गायजीसचा पूर्वज' म्हणतो, पण पुढे दहाव्या भागात तो स्वतःच तिला 'गायजीसची अंगठी' म्हणतो आणि तेच नाव रूढ झालं. गायजीस हा खरा राजा होता, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातला. अश्शूरच्या राजाच्या शिलालेखांतही त्याचं नाव येतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याची जी हकिगत दिलीय तिच्यात मात्र अंगठीच नाही. तिथे कँडॉलीस राजाला बायकोच्या सौंदर्याची इतकी घमेंड की तो आपल्या रक्षकाला, म्हणजे गायजीसला, शयनगृहाच्या दारामागे लपून तिला पाहायला भाग पाडतो. राणीच्या ते लक्षात येतं. दुसऱ्या दिवशी ती गायजीसला बोलावून सांगते, एक तर राजाला मार, नाहीतर तू मर. या हकिगतीत जो 'अदृश्य' होऊन बघतो तो पकडला जातो, आणि पकडला गेल्यामुळेच खुनी होतो. प्लेटोने ही बाजू काढून टाकली. त्याच्या मेंढपाळाला कोणी भाग पाडत नाही आणि कोणी पकडतही नाही. त्याला नेमकं हेच हवं होतं: पकडलं जाण्याची शक्यता शून्य केली तर काय उरतं?

आता सांगणारा कोण, ते. 'रिपब्लिक' म्हणजे संवाद आहे आणि त्यात मुख्य बोलणारा सॉक्रेटिस, पण ही गोष्ट तो सांगत नाही. ग्लाउकॉन सांगतो, प्लेटोचा सख्खा भाऊ. आणि सांगण्याआधी तो स्पष्ट म्हणतो की हे माझं मत नाही. पण अन्यायातच फायदा आहे असं सांगणाऱ्या थ्रॅसिमॅकससारख्या हजारोंकडून हेच ऐकून माझे कान किटलेत, आणि न्यायाची बाजू मला पटेल अशी मांडताना मी कोणालाच ऐकलेलं नाही. म्हणून अन्यायाची बाजू मी शक्य तेवढी जोरात मांडतो, म्हणजे तुम्हाला ती खोडावी लागेल. भाच्याने 'सिद्ध झालंय' म्हणून जे सांगितलं ते मुळात एका तरुणाने सॉक्रेटिसपुढे टाकलेलं आव्हान होतं.

आव्हान मात्र भक्कम आहे, ते हलक्यात घेऊ नका. ग्लाउकॉन म्हणतो, दुसऱ्यावर अन्याय करण्यात फायदा असतो आणि तो सोसण्यात तोटा, पण करण्यातल्या फायद्यापेक्षा सोसण्यातला तोटा मोठा. म्हणून ज्यांच्यात करायची ताकद नाही आणि सोसणं टाळायचीही नाही, अशा बहुसंख्य लोकांनी आपसात करार केला: मी तुझं लुबाडत नाही, तू माझं लुबाडू नकोस. यातून कायदे झाले आणि त्यांनाच लोक न्याय म्हणायला लागले. म्हणजे न्याय ही एक तडजोड. शिक्षेविना अन्याय करता येणं हे सर्वांत चांगलं, बदला न घेता अन्याय सोसावा लागणं हे सर्वांत वाईट, आणि न्याय या दोन्हींच्या मधला. ज्याच्यात खरी ताकद आहे तो असला करार करणारच नाही. केला तर वेडा.

अंगठी येते ती हे पटवायला. एक नाही, दोन अंगठ्या घ्या, एक सज्जनाला द्या, एक दुर्जनाला. बाजारातून हवं ते उचलता येतं, कोणाच्याही घरात शिरता येतं, कोणाला मारता येतं, कोणाला तुरुंगातून सोडवता येतं. इतका वज्रासारखा कोणीच निघणार नाही की तो न्यायाला चिकटून राहील. थोड्याच वेळात दोघे एकाच वाटेने चालताना दिसतील. आणि अंगठी असूनही कोणी परक्याच्या वस्तूला हात लावला नाही, तर लोक त्याला मनातून महामूर्ख समजतील, पण एकमेकांसमोर त्याचं कौतुक करतील, कारण आपल्यावर कोणी अन्याय करू नये ही भीती प्रत्येकाला असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

माझ्या मते ग्लाउकॉनचा खरा पेच अंगठीनंतर येतो, आणि तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. तो म्हणतो, आता असा माणूस घ्या जो पूर्ण न्यायी आहे, पण जन्मभर लोक त्याला अन्यायी समजतात. त्याला फटके बसतात, बेड्या पडतात, डोळे जाळले जातात, शेवटी सुळावर जातो. आणि असा घ्या जो पूर्ण अन्यायी आहे, पण ज्याचं नाव न्यायी म्हणून गाजतं. आता सांगा, सुखी कोण? म्हणजे अंगठी सज्जनाच्या अंगावरून लोकांची नजर काढून घेते, आणि हा दुसरा प्रसंग ती नजर उलटी करून त्याच्यावर लावतो. नाव, अब्रू, पगार, पेन्शन, सगळं वजा केल्यावर प्रामाणिकपणात काही शिल्लक राहतं का, एवढंच त्याला बघायचंय.

आपल्याकडे यावर पहिलं उत्तर येतं, "वर देव बघतोय ना!" ते दारही लगेच बंद होतं. दुसरा भाऊ अडेइमँटस उठतो आणि म्हणतो, कवीच सांगतात की देव यज्ञाने आणि नवसाने वळतात. मग अन्याय करावा, कमवावं आणि त्यातलाच थोडा भाग देवाला द्यावा. वडील मुलांना न्यायाने वागायला सांगतात तेही नाव होतं म्हणून, चांगलं स्थळ मिळतं म्हणून. म्हणजे प्रामाणिकपणाचं आपण जे कौतुक करतो ते त्याच्या दुकानातल्या पाटीचं. माल काय आहे, ते कोणी सांगतच नाही. हा टोला आपल्यालाही बसतो.

दुसरं उत्तर येतं, असली अंगठी नसतेच. ते सिसेरोच्या काळीही लोक देत होते. रोमच्या या वकिलाने ही गोष्ट पुन्हा सांगितली आणि त्यांना म्हणाला, अंगठी असते की नाही हे मी विचारलंच नाही. कोणाला कळणार नाही, संशयही येणार नाही, तर तुम्ही काय कराल, एवढं विचारलं. तुमच्या बाबतीत तर ही पळवाटही नाही. सही केलेलं कोरं बिल म्हणजे अंगठीच. ऑडिटर वर्षातून एकदा व्हाउचरं चाळतो, पण टाकी धुणाऱ्याने खरंच किती घेतले हे त्याला व्हाउचरवरून कळायचं काही साधन नाही. तुमचं कोंदण दहा मिनिटं आतल्या बाजूला होतं.

आता उत्तराकडे येते. ग्लाउकॉनच्या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणसाच्या आत हवंसं वाटणं एवढंच असतं आणि बाहेर भीती. भीती काढली की हवंसं वाटणं मोकळं सुटतं. प्लेटो पुढचे दोन भाग खर्चून हे गृहीतच मोडतो. चौथ्या भागात सॉक्रेटिस लिऑन्शियस नावाच्या माणसाचा प्रसंग सांगतो. तो बंदरावरून शहराकडे चालला होता, वाटेत तटाजवळ मृत्युदंड दिलेल्यांची प्रेतं पडलेली. त्याला ती पाहायची ओढ लागली आणि त्याच वेळी स्वतःची किळसही आली. बराच वेळ तो तोंड झाकून झगडला. शेवटी ओढ जिंकली. तो धावत प्रेतांजवळ गेला, डोळे ताणून उघडले आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणाला, "घ्या, मेल्यांनो, पोटभर पाहून घ्या!" त्याला कोणी अडवत नव्हतं, शिक्षा होणार नव्हती. तरी त्याच्या आतलं काहीतरी त्याच्यावरच संतापलं होतं. आपल्या भाषेत हे एका ओळीत आहे: जनाची नाही तर मनाची तरी. ग्लाउकॉनची अंगठी जनाची लाज काढून घेते. मनाची काढून घेण्याची सोय तिच्यात नाही.

यावरून सॉक्रेटिस मनाचे तीन भाग मानतो: विचार करणारा, चिडणारा-मानी आणि हपापलेला. न्याय म्हणजे या तिघांनी आपापलं काम करणं, विचाराने सांगावं, मानीपणाने त्याची साथ द्यावी आणि हाव आपल्या जागी राहावी. मग लगेच तो एक अगदी रोजची कसोटी घेतो. ज्याचं मन असं लागलंय तो कोणी विश्वासाने ठेवायला दिलेलं सोनं-चांदी लाटेल का? बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही कसोटी नवी नाही. तो म्हणतो, लाटणार नाही, कारण त्याच्या मनाचा प्रत्येक भाग आपापलं काम करत असतो आणि हाव आपल्या जागी असते.

इथे तुमचा भाचा म्हणेल, मामा, पण तुला ओढ होती, तू दहा मिनिटं बसलास! आणि त्याचं म्हणणं खोडून काढायची मला घाई नाही, कारण प्लेटोलाही असा माणूस माहीत होता. आठव्या भागात तो एका कंजूस, काटकसरी माणसाचं चित्र काढतो. त्याचं समाजात चांगलं नाव आहे, व्यवहार चोख आहेत. पण त्याच्यातल्या वाईट वासना तो जबरदस्तीने दाबून ठेवतो. आपल्या बाकीच्या मालमत्तेचं काय होईल, या भीतीने. त्या वासनांना त्याने समजावलेलं नसतं, विचाराने वळवलेलं नसतं. असा माणूस ओळखायचा कसा? प्लेटो म्हणतो, त्याच्याकडे अनाथ मुलांच्या इस्टेटीचं पालकत्व द्या किंवा जिथे कोणी जाब विचारणार नाही असं काम द्या, आणि मग बघा. पुढे म्हणतो, हा एक माणूस नसतो, दोन असतात. त्यातला बरा बहुतेक वेळा वाईटावर मात करतो, इतकंच.

मला 'रिपब्लिक'मधला हा परिच्छेद अंगठीच्या गोष्टीइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण वर्गात तो कोणी लावून धरत नाही. भीतीने सरळ वागणारी माणसं असतात, हे इथे प्लेटो मान्य करतो. ग्लाउकॉनने एका प्रकारच्या माणसाचं वर्णन बरोबर केलंय. चूक एवढीच की तो प्रकार म्हणजे सगळी माणसं, असं त्याने ठरवून टाकलं. बाहेरून पाहिलं तर दाबून ठेवणारा आणि वळवून घेतलेला, दोघांच्या हिशेबाच्या वह्या सारख्याच. दोघांच्या व्हाउचरवर २,२०० च.

मग तुम्ही कोणते? ओढ वाटली, यावरून निकाल लागत नाही. ओढ मावळली कशाने, यावर लागतो. तुमचं पत्र मी त्या दृष्टीने परत वाचलं. कोणाला पत्ता लागला नसता, हे तुम्हाला पुरतं माहीत होतं, म्हणजे भीतीचा हिशेब करून झाला होता आणि त्याचं उत्तर शून्य आलं होतं. तरी पेन हललं नाही. ते हललं रुमालाची गाठ आठवल्यावर. घाबरलेला माणूस अशा वेळी स्वतःबद्दल विचार करतो: सेक्रेटरीने टाकीवाल्याला विचारलं तर? तुमच्या डोक्यात दुसरीच व्यक्ती आली, आणि ती कधी तुमच्या वह्या तपासणार नव्हती. प्लेटोचा कंजूस तुमच्या जागी असता तर त्याला बिल्डिंगमध्ये होणारी बदनामी आठवली असती, आजी आठवल्या नसत्या. एका प्रसंगावरून जन्माचा निवाडा मी देणार नाही. पण ज्या प्रसंगावरून भाच्याने तुम्हाला घाबरट ठरवलं, त्यात भीती मला सापडत नाही.

तुम्ही विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे मुळात न्यायी का राहावं याचं, प्लेटोचं उत्तर नवव्या भागात पुरं होतं. तिथे तो ग्लाउकॉनचा नायक, म्हणजे सगळं करता येणारा माणूस, सत्तेवर बसवून दाखवतो. तो म्हणतो, समजा पन्नास किंवा जास्त गुलाम असलेला एखादा श्रीमंत आहे. शहरात तो निर्धास्त असतो, कारण सगळं शहर त्याच्या पाठीशी आहे. आता एखाद्या देवाने त्याला बायकोमुलांसकट आणि गुलामांसकट उचलून ओसाड जागी नेऊन ठेवलं, तर? तो त्याच गुलामांची खुशामत करायला लागेल, त्यांना स्वातंत्र्याची आश्वासनं देईल, कारण कोणत्या रात्री गळा कापला जाईल हे सांगता येणार नाही. जुलमी राजा कायमचा अशा ओसाड जागी राहतो. त्याला घरात कोंडून घ्यावं लागतं, इतर नागरिकांसारखं प्रवासाला जाता येत नाही, खरा मित्र कधीच मिळत नाही. आणि आत त्याची हाव त्याच्यावर राज्य करत असते, म्हणजे सर्वांत मोठा गुलाम तोच. मेंढपाळाचं पुढे काय झालं हे ग्लाउकॉन सांगत नाही. मला मात्र नेहमी वाटतं की त्याच्या पलंगावर अशी बाई झोपत होती जिने आधीच्या नवऱ्याला मारायला मदत केली होती. अंगठी त्याला तिच्यापासून लपवू शकत होती, पण तिच्याजवळ निर्धास्त झोपू देऊ शकत नव्हती.

हे उत्तर पूर्ण पुरतं का? माझ्या मते नाही, आणि हे तुम्हाला सांगितलं नाही तर मीही भाच्यासारखं अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मेंढपाळाने एकदम राज्य घेतलं, त्याला हे लागू पडतं. पण वर्षातून एकदा हजार रुपये उचलून बाकी आयुष्य सुखाने जगणाऱ्या खजिनदाराचं मन प्लेटो म्हणतो तितकं उद्ध्वस्त होतंच, असं मला छातीठोक म्हणता येत नाही. असे लोक मी पाहिलेत. त्यांना झोप छान लागते. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. १९१२ साली ऑक्सफर्डच्या प्रिचर्ड या तत्त्वज्ञाने म्हटलं की कर्तव्य का करावं, याचं उत्तर 'त्यात तुझा फायदा आहे' असं द्यायला जाणं हीच चूक आहे. फायदा पटल्यावर माणूस ते करेलही, पण ते कर्तव्य आहे हे काही त्यातून कळत नाही. ग्लाउकॉनने विचारलं, माझं काय भलं होणार, आणि प्लेटो त्याच प्रश्नाच्या चौकटीत उत्तर देत राहिला, तुझं मन निरोगी राहील. तुमच्या दहा मिनिटांत मात्र तुमच्या मनाचं आरोग्य हा मुद्दाच आला नव्हता. तिथे आजींचे पैसे आले होते. या बाबतीत मला तुमचं उत्तर प्लेटोच्या उत्तरापेक्षा सरळ वाटतं. प्लेटोच्या बाजूने एवढं म्हणेन की ऐन वेळी आजीच आठवाव्यात, असं मन घडावं लागतं, आणि ते कसं घडतं हे त्याच्याइतकं सविस्तर क्वचितच कोणी मांडलंय.

आता व्यवहाराचं. सही केलेलं कोरं बिल पुन्हा घेऊ नका. टाकीवाल्यासमोर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, मग त्याची सही घ्या. जमेल तिथे पैसे सोसायटीच्या खात्यातून थेट त्याच्या खात्यात जाऊ द्या, आणि रोखीच्या व्हाउचरवर सेक्रेटरींची दुसरी सही सुरू करा. भाचा म्हणेल, बघ, स्वतःवर विश्वास नाही. म्हणू दे. ग्लाउकॉनने सांगितलेला करार न्यायाचं मूळ नसेल, पण सोसायटी चालवायला तो लागतोच. तुमच्यानंतर येणारा खजिनदार कोणत्या प्रकारचा असेल हे तुम्हाला माहीत नाही, आणि आजी तेव्हाही तळमजल्यावरच असतील.

राहिला भाचा. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवा: ज्यांना मनापासून वाटतं की अंगठी असून हात न लावणारा मूर्ख आहे, ते चारचौघांत त्याचं कौतुकच करतात, कारण त्यांना स्वतःला लुबाडलं जायला नको असतं. तुमच्या भाच्याला हे खरंच पटलं असतं, तर त्याने तुमची पाठ थोपटली असती, "मामा, तुझ्यासारखी माणसं हवीत" म्हणाला असता आणि मनात हसला असता. त्याने तुम्हाला तोंडावर सांगितलं. त्याला पुढच्या वेळी विचारा की हे बोलून दाखवण्यात त्याचा काय फायदा होता, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.